फोटोतलं कोटेशन तक्त्यात उतरवताना: माल, भाव, डिस्काउंट आणि डिलिव्हरी

पुण्यात तापकीर गल्लीतल्या एखाद्या दुकानाकडून वायरिंगच्या मालाचं कोटेशन मागवलं, की बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर फोटो येतो. छापील कागद, त्यावर दुकानाचा शिक्का, एक-दोन ठिकाणी निळ्या पेनाने केलेली दुरुस्ती आणि खाली बारीक अक्षरात अटी. दोन-तीन दुकानांचे असे फोटो शेजारी ठेवून स्वस्त कोण ते ठरवायचं, तर आधी ते सगळे एकाच साच्याच्या तक्त्यात यायला हवेत. इलेक्ट्रिकल कंत्राटदाराच्या खरेदीचं काम करताना हे रोजच करावं लागतं, म्हणून त्याचा पूर्ण क्रम इथे एक कोटेशन घेऊन मांडतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं काम तिच्यावर चालतं. कोटेशनमधले आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. नग, भाव आणि डिस्काउंट यांचा हिशोब रकमेशी जुळावा लागतो, रकमांची बेरीज एकूण आकड्याशी जुळावी लागते. त्यामुळे एखादा आकडा चुकीचा वाचला गेला, तर गणित लगेच अडतं. मालाचं नाव आणि डिलिव्हरीच्या अटी मात्र कशाशीच बांधलेल्या नसतात. तिथे चुकीचं वाचलं तरी बेरीज बरोबरच येते. म्हणून आकड्यांचं काम गणिताकडून करून घ्यायचं आणि वाचलेला वेळ नावांवर आणि अटींवर घालवायचा.

फोटो हातात आल्यावर

पहिला प्रश्न दुकानदाराला: पीडीएफ आहे का? कोटेशन टॅलीत किंवा एक्सेलमध्ये बनलेलं असेल, तर पीडीएफ मिळू शकते आणि तिच्यातला मजकूर थेट कॉपी होतो, फोटोतली अक्षरं ओळखायची भानगडच उरत नाही. पण पीडीएफ मिळाली तरी फोटो टाकून देऊ नका. काउंटरवर बोलणं झाल्यावर पेनाने लिहिलेली दुरुस्ती त्या फोटोतच असते, पीडीएफमध्ये ती नसते.

पीडीएफ नसेल, तर फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, आणि त्यात सगळ्यात आधी बळी पडतात ते दशांश चिन्हं आणि स्वल्पविराम. वायरीच्या कोटेशनमध्ये १.५ आणि १५ यांत तेवढ्या एका टिंबाचाच फरक असतो.

फोटो स्वतःच काढणार असाल, तर कागद टेबलावर सपाट ठेवा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदाच्या बरोबर वर आडवा धरून. कागदाच्या चारही कडा फ्रेममध्ये आल्या पाहिजेत आणि फ्रेम कागदाने भरली पाहिजे. घडीची रेघ एखाद्या ओळीवरून जात असेल, तर त्या भागाचा जवळून दुसरा फोटो काढून ठेवा. मग कागद उलटा करा. अटी मागच्या बाजूला छापण्याची पद्धत अजून आहे, आणि फोटो पाठवणारा मागची बाजू बहुधा विसरतो. कोपऱ्यात 'पान १ पैकी २' असं काही लिहिलेलं आहे का तेही बघून घ्या.

मजकूर बाहेर काढणं

एकच कोटेशन असेल आणि ओळी पाच-सात असतील, तर हाताने टाइप करणं सगळ्यात बरं. अक्षरं ओळखायच्या साधनाने काढलेला मजकूर तपासायला तेवढाच वेळ लागतो. वीस-तीस ओळींपासून पुढे साधन वापरण्यात अर्थ आहे.

मोबाइलवर एक्सेलच्या ॲपमध्ये फोटोवरून तक्ता उचलायची सोय आहे. `Data from Picture` या नावाने ती दिसते. ती रकाने बऱ्यापैकी ओळखते आणि ज्या चौकटींबद्दल शंका आहे त्या आधी दाखवून दुरुस्त करू देते. छापील इंग्रजी कोटेशनला ती चालते, देवनागरीसाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका.

संगणकावर काम करायचं असेल, तर टेसरॅक्ट हे मोफत साधन आहे. त्याआधी इमेजमॅजिकने फोटो करडा करून, तिरका असेल तर सरळ करून, दुप्पट मोठा करून घ्यायचा:

```
magick kot.jpg -auto-orient -colorspace Gray -deskew 40% -resize 200% kot.png
tesseract kot.png kot -l eng --psm 6 -c preserve_interword_spaces=1
```

दुसऱ्या आज्ञेतला `--psm 6` म्हणजे 'हा सगळा मजकुराचा एकच ठोकळा आहे असं समज'. तो दिला नाही, तर टेसरॅक्ट कधीकधी तक्त्याचे उभे रकाने वेगवेगळे वाचतं: आधी सगळी नावं, मग सगळे भाव. मग कुठला भाव कुठल्या मालाचा ते शोधत बसावं लागतं. शेवटचा पर्याय शब्दांमधली मोकळी जागा तशीच ठेवतो, त्यामुळे रकाने डोळ्यांना दिसतात. कोटेशन मराठी-इंग्रजी मिसळ असेल, तर `-l mar+eng` द्या. मात्र त्यासाठी मराठीची भाषा-फाइल आधी बसवलेली असली पाहिजे. हाताने लिहिलेल्या कोटेशनच्या नादाला टेसरॅक्ट घेऊन लागू नका, ते छापील अक्षरांसाठी आहे.

आता आपलं कोटेशन. सोसायटीतल्या चार फ्लॅटचं वायरिंग बदलायचं आहे. भाव हिशोब कळावा म्हणून घेतलेत, ते आजचे बाजारभाव म्हणून धरू नका. फोटोतून निघालेला मजकूर असा:

```
1 FR Wire 15 sqmm 90m      12 Coil 2,4501- 40+5  16,758.00
2 -do- 2.5 sqmm             8 Coil 3,900/- -do-  17,784.00
3 MCB SP C16               24 Nos    310/- 45     4,092.00
4 DB 8 Way SPN DD           4 Nos  1,850/- Net    7,400.00
5 PVC Cond. 25mm MMS 3m '  100 Len   115/- 20     9,200.00
                                    Total      255,234.00
```

हा मजकूर जसाच्या तसा एका पानावर ठेवून द्या आणि दुरुस्त्या दुसऱ्या पानावर करा. पुढे शंका आली, की चूक वाचणाऱ्या साधनाची होती, दुकानदाराची होती की आपली, हे या पहिल्या पानावरून कळतं.

आकड्यांची साफसफाई

या छोट्या तुकड्यातच नेहमीच्या चुका दिसतात. पहिल्या ओळीत `2,450/-` चं `2,4501-` झालंय, तिरकी रेघ एक झाली आहे. घाईत शेवटची आडवी रेघ तेवढी पुसली, तर २४,५०१ असा दहापट भाव उरतो आणि तो दिसायला अगदी खरा आकडा वाटतो. शेवटच्या ओळीत रुपयाच्या चिन्हाचा दोन झालाय, त्यामुळे पंचावन्न हजारांचे अडीच लाख दिसतात. छापील तक्त्याची उभी रेघ आकड्याला चिकटलेली असेल, तर तीही `1` किंवा `|` होऊन आकड्यात शिरते.

मराठीत हाताने लिहिलेल्या कोटेशनमध्ये वेगळा धोका असतो. देवनागरी एक घाईत इंग्रजी नवासारखा दिसतो आणि काही जण एकाच ओळीत दोन्ही लिप्यांचे अंक लिहितात. अशा कागदावर आधी लिहिणाऱ्याचा एक नक्की माहीत असलेला आकडा शोधा, उदाहरणार्थ तारीख किंवा अनुक्रमांक, आणि त्याचा एक आणि नऊ कसा आहे ते बघून मग भावांकडे वळा.

तक्त्यात भरताना आकड्यांच्या चौकटीत आकडाच जायला हवा. `3,900/-` असं चिकटवलं, तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि `SUM` अशा चौकटी कुठलीही सूचना न देता वगळतं. बेरीज कमी येते आणि कोणाला कळत नाही. शंका असेल तिथे `=ISNUMBER(D2)` लावून बघा.

रकाने मी असे ठेवतो: ए मध्ये माल, बी मध्ये एकक, सी मध्ये नग, डी मध्ये लिस्ट प्राइस, ई आणि एफ मध्ये दोन डिस्काउंट वेगवेगळे, जी मध्ये काढलेला नेट भाव, एच मध्ये फोटोतली रक्कम आणि आय मध्ये फरक.

```
G2:  =D2*(1-E2/100)*(1-F2/100)
I2:  =ROUND(C2*G2-H2,2)
```

जी चा रकाना आपण काढलेला आणि एच चा फोटोतून उतरवलेला, हा भेद कधी मोडू नका. एच मध्ये सूत्र टाकलं की फरक कायम शून्य येतो आणि तपासणीच संपते.

डिस्काउंट नक्की कशावर?

इलेक्ट्रिकलच्या धंद्यात भाव लिस्ट प्राइसवर डिस्काउंट देऊन सांगतात, आणि '४०+५' हा नेहमीचा प्रकार आहे. त्याचा अर्थ पंचेचाळीस टक्के नव्हे. आधी चाळीस टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर पाच. २,४५० चे चाळीस टक्के गेले की १,४७० उरतात, त्यातले पाच टक्के गेले की १,३९६.५०. म्हणजे एकूण डिस्काउंट ४३ टक्के बसला. बारा कॉइलचे १६,७५८, फोटोतल्या रकमेशी तंतोतंत. सरळ पंचेचाळीस धरले असते, तर भाव १,३४७.५० आला असता आणि पहिल्या दोन ओळींत मिळून १,२१२ रुपयांचा फरक पडला असता. आय च्या रकान्यात तो लगेच दिसतो. फरक आला, की आधी बेरजेने डिस्काउंट धरलाय का ते बघा.

दुसऱ्या ओळीत मालाच्या आणि डिस्काउंटच्या जागी 'डू' ची खूण आहे. ती तशीच ठेवू नका, वरच्या ओळीतली पूर्ण माहिती खाली लिहून घ्या. पुढे तक्ता भावाप्रमाणे किंवा नावाप्रमाणे लावला, की 'डू' दुसऱ्याच ओळीखाली जाऊन बसतो आणि अर्थ बदलतो. लिहून घेताना एवढं बघा की खूण नेमकी कशाकशाला लागू आहे. इथे 'एफआर वायर' हे नाव आणि ९० मीटरची कॉइल या दोन्हींना ती लागू आहे असं मी धरलंय. कॉइलच्या लांबीबद्दल ते धरणं विचारून पक्कं करायला हवं, कारण वायर १८० मीटरच्या कॉइलमध्येही येते.

भावाचा रकाना डिस्काउंटच्या आधीचा की नंतरचा, हे काही कोटेशनमध्ये लिहिलेलंच नसतं. वर नुसतं 'रेट' असतं. ते रकमेवरून ठरवायचं. पाचव्या ओळीत कंड्युटचा भाव ११५, डिस्काउंट २०, नग १००. हा भाव डिस्काउंट वजा करूनच लिहिलेला असता, तर रक्कम ११,५०० आली असती. ती ९,२०० आहे, म्हणजे ११५ ही लिस्ट प्राइस आणि नेट भाव ९२.

चौथ्या ओळीत 'नेट' लिहिलंय. म्हणजे यावर आता डिस्काउंट नाही, ई आणि एफ मध्ये शून्य. पण नेट म्हणजे जीएसटीसह, असा कोणी अर्थ लावतो, तर ते खालच्या हिशोबावरून तपासा. या कागदावर पुढे सीजीएसटी ४,९७१.०६ आणि एसजीएसटी तेवढाच छापलेला आहे. दोन्ही मिळून ९,९४२.१२, म्हणजे बरोबर ५५,२३४ चे अठरा टक्के. डीबीचे ७,४०० त्या ५५,२३४ मध्ये धरलेले आहेत. म्हणजे त्या भावावर जीएसटी वेगळा लागतोय आणि नेट हा शब्द फक्त डिस्काउंटपुरता आहे. सीजीएसटी-एसजीएसटीची जोडी इथे बरोबर आहे, कारण विकणारा आणि माल पोचायची जागा दोन्ही महाराष्ट्रात आहेत. वर छापलेल्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक २७ असले, की ती नोंदणी महाराष्ट्रातली. माल दुसऱ्या राज्यातून येणार असेल, तर तिथे आयजीएसटी दिसायला हवा.

गणित जुळलं, तरी फोटो पुन्हा बघा

आता या कोटेशनमधली सगळ्यात शिकण्यासारखी जागा. तिसरी ओळ: एमसीबी, भाव ३१०, डिस्काउंट ४५, नेट १७०.५०, चोवीस नगांचे ४,०९२. फरक शून्य. सगळ्या ओळींची बेरीज ५५,२३४, जीएसटी बरोबर, एकूण ६५,१७६.१२. गणिताला कुठेच हरकत नाही.

पण फोटोत त्या ४५ वर निळ्या पेनाने काट मारून वर बारीक '५०' लिहिलंय. ओळखणाऱ्या साधनाने छापील आकडा घेतला, पेनाचं अक्षर सोडून दिलं. दुकानदाराने काउंटरवर डिस्काउंट वाढवला, पण पुढची रक्कम आणि बेरीज बदलायची राहिली. खरा भाव १५५, रक्कम ३,७२०, करपूर्व बेरीज ५४,८६२ आणि जीएसटीसह ६४,७३७.१६. फरक ४३८.९६ रुपयांचा आहे, आणि छापील बेरजेवर ऑर्डर गेली, तर बिलही त्याच रकमेचं येण्याची भीती असते.

म्हणून तक्ता जुळल्यानंतर फोटो मोठा करून फक्त पेनाच्या खुणा शोधायची एक वेगळी फेरी मारा. भाव वाचायचे नाहीत, फक्त शाई शोधायची: काट, वर्तुळ, बाण, बरोबरची खूण, तारा, शिक्क्याखाली दडलेला आकडा. प्रत्येक खुणेसाठी तक्त्याच्या शेवटी एक शेरा लिहा. दुरुस्तीजवळ सही नसेल, तर तेही लिहा आणि दुकानदाराकडून ती दुरुस्ती लेखी कबूल करून घ्या.

याच फेरीत मला तळाशी अजून एक ओळ सापडते: पूर्ण आगाऊ रक्कम दिली तर दोन टक्के सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट. हा डिस्काउंट कधीही ई-एफ च्या रकान्यात टाकू नका. तो मालाच्या भावाचा भाग नाही, पैसे कसे देणार त्यावर मिळणारी सवलत आहे. ५४,८६२ वर तो १,०९७.२४ होतो. तो खाली वेगळ्या चौकटीत, अट सोबत लिहून ठेवायचा. तो बिलातच वजा करून दाखवणार की नंतर देणार, हे विचारून घ्या. बिलात दाखवला तर जीएसटी कमी झालेल्या रकमेवर लागतो. नंतर द्यायचा असेल, तर करासाठी वेगळ्या अटी लागू होतात.

मालाचं नाव: इथे घाई नको

पहिल्या ओळीत `15 sqmm` आलंय. पंधरा स्क्वेअर एमएम हे माप घरगुती वायरीच्या क्रमातच नाही. १, १.५, २.५, ४, ६, १०, १६, २५ असा तो क्रम जातो. त्यामुळे टिंब हरवलं हे लगेच लक्षात येतं. पण दुसऱ्या ओळीतलं २.५ जर २५ वाचलं गेलं असतं, तर २५ हे माप खरंच आहे. तिथे भाव मदतीला येतो. २५ स्क्वेअर एमएम तांब्याची नव्वद मीटर कॉइल ३,९०० ला मिळणं शक्य नाही. नावातलं माप आणि भाव एकमेकांना शोभतात का, हे प्रत्येक ओळीला विचारायचं.

एमसीबीच्या ओळीत ही युक्तीही चालत नाही. एकाच मालिकेतल्या ६ ते ३२ अँपिअरच्या सिंगल पोल एमसीबींची लिस्ट प्राइस बहुतेक कंपन्या एकच ठेवतात. १६ च्या जागी १० वाचलं गेलं, तर भाव तोच, रक्कम तीच, बेरीज तीच. चोवीस नग चुकीच्या अँपिअरचे येऊन पडतील आणि ते मोठ्या गिझरच्या सर्किटला लावल्यावर ट्रिप होऊ शकतील. 'सी' कर्व्हच्या जागी 'बी' वाचलं गेलं, तरी तसंच. अशा ओळींसाठी एकच खात्रीचा उपाय आहे: कंपनीचा कॅटलॉग नंबर. कोटेशनमध्ये तो असेल, तर एकेक अक्षर फोटोशी ताडून बघा. शून्य आणि ओ, पाच आणि एस, आठ आणि बी यांच्या अदलाबदलीवर लक्ष ठेवा आणि कंपनीच्या छापील प्राइस लिस्टमध्ये तो नंबर कशाचा आहे ते बघा. नसेल, तर मागून घ्या.

नावात जे लिहिलेलं नाही तेही नोंदवा. पहिल्या ओळीत 'एफआर' आहे, पण कंपनी कुठली ते नाही. एफआर आणि एफआर-एलएसएच या वेगळ्या वायरी आहेत, भावही वेगळे. शेवटची दोन-तीन अक्षरं फोटोत घडीखाली गेली असतील, तर महागड्या वायरीऐवजी साधीच तक्त्यात चढते. कंड्युटमध्ये 'एमएमएस' म्हणजे मध्यम जाडीचा. त्याऐवजी 'एलएमएस' असेल तर पाइप हलका. जे अक्षर वाचता येत नाही तिथे अंदाज लिहू नका, प्रश्नचिन्ह टाका. नावाच्या रकान्याशेजारी मी 'फोटोत जसं आहे तसं' आणि 'आपलं नाव' असे दोन रकाने ठेवतो. तुलना दुसऱ्यावर करायची, ऑर्डरवर मात्र दुकानदाराचे शब्द आणि कॅटलॉग नंबर दोन्ही लिहायचे.

एककही नावाचाच भाग समजा. वायरीचा भाव कॉइलचा की मीटरचा, कंड्युटचा भाव तीन मीटरच्या नळीचा की बंडलाचा? तुलना करताना सगळं एका एककावर आणा. इथे १.५ ची वायर मीटरला १५.५२ रुपये पडते, १,३९६.५० भागिले ९०. दुसऱ्या दुकानाने १८० मीटरच्या कॉइलचा भाव दिला असेल, तर हा मीटरचा आकडाच कामाला येतो.

डिलिव्हरीच्या अटी

तळाचा मजकूर असा निघाला:

```
Delivery: Ex-stock, subject to prior sale. ' 8-10 days
Freight: To pay    Validity: 7 days    Payment: 50% adv.
```

हा मजकूर एकाच चौकटीत चिकटवून ठेवला, तर पुढे तो कोणी वाचत नाही. त्याचे तुकडे करा: माल कधी, दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे, कुठे पोचवणार, भाडं कोणाचं, भाव किती दिवस टिकणार, पैसे कसे. भरता न आलेली चौकट रिकामी दिसली पाहिजे, कारण तोच विचारायचा प्रश्न आहे.

'एक्स-स्टॉक' म्हणजे माल गोदामात आहे. पण पुढचं 'सब्जेक्ट टू प्रायर सेल' म्हणजे तोवर दुसऱ्याने उचलला, तर आमची हमी नाही. पहिला शब्द लिहून दुसरा सोडला, तर अट उलटीच होते. त्यापुढचे ८ ते १० दिवस सगळ्या मालाला नाहीत. पाचव्या ओळीच्या शेवटी जो `'` दिसतोय तो मुळात तारा होता, आणि तोच तारा इथे आहे. म्हणजे फक्त कंड्युट आठ-दहा दिवसांनी येणार. भिंतीत झिरी मारून सगळ्यात आधी कंड्युटच घालावा लागतो, त्यामुळे बाकी माल आज मिळाला तरी काम दहा दिवस अडतं. डिलिव्हरी म्हणूनच प्रत्येक ओळीसमोर लिहा, कोटेशनच्या डोक्यावर एकदाच नको.

`8-10` असं टाइप करताना सांभाळा. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. त्या रकान्याचं स्वरूप आधी `Text` करा किंवा कमीत कमी आणि जास्तीत जास्त दिवस दोन चौकटींत लिहा.

'फ्रेट टू पे' म्हणजे गाडीभाडं माल उतरवून घेणाऱ्याने द्यायचं. 'एफ.ओ.आर. साइट' म्हटलं, तर माल साइटपर्यंत दुकानदाराच्या खर्चाने येतो. टेम्पो आणि हमाली मिळून दीड हजार धरले, तर आपलं ५४,८६२ चं कोटेशन ५६,३६२ वर जातं. शेजारच्या दुकानाने ५५,९०० साइटपोच सांगितले असतील, तर करपूर्व हिशोबात तेच स्वस्त. त्यातही उतरवायची हमाली कोणाची, हे एफ.ओ.आर. म्हटलं तरी विचारावं लागतं.

भावाची मुदत सात दिवस आहे. तांब्याच्या भावावर वायरीची लिस्ट प्राइस वरखाली होते, म्हणून ती इतकी कमी ठेवतात. मुदत कोटेशनवरच्या तारखेपासून मोजा, फोटो आपल्याकडे आला त्या दिवसापासून नको, आणि तक्त्यात दिवस न लिहिता शेवटची तारीखच लिहा.

दुकानदाराला परत पाठवायचा मजकूर

इतकं झाल्यावर प्रश्नचिन्हं आणि रिकाम्या चौकटी तेवढ्या उरतात. फोनवर विचारलं तर उत्तर मिळतं, पण ते कुठे राहत नाही. लिहून पाठवा, आपण काय वाचलं तेही सांगा:

"नमस्कार शेठ, आजचं कोटेशन मिळालं. आम्ही असं धरतोय, चूक असेल तर सांगा. वायर १.५ आणि २.५, दोन्ही एफआर, ९० मीटर कॉइल, ४० वर ५ डिस्काउंट, कंपनी कुठली? एमसीबी सिंगल पोल, १६ अँपिअर, सी कर्व्ह, पेनाने लिहिल्याप्रमाणे ५० टक्के, म्हणजे नगाला १५५. कॅटलॉग नंबर कळवा. करपूर्व एकूण ५४,८६२ होतात, छापील ५५,२३४ नाही. कंड्युटचे ८-१० दिवस ऑर्डरपासून की ॲडव्हान्स मिळाल्यापासून? बाकी माल आधी पाठवाल का, आणि मग टेम्पोभाडं दोनदा पडेल का? सीडी बिलातच वजा होईल का?"

उत्तरात सुधारित कोटेशन आलं, तर जुन्या ओळींवर नवे आकडे चढवू नका. दुसरं पान उघडा, त्याला तारीख द्या आणि सगळ्या ओळी पुन्हा उतरवा, बदललेल्या तेवढ्याच नव्हे. एमसीबीचा डिस्काउंट दुरुस्त करून पाठवलेल्या कागदावर वायरीची लिस्ट प्राइस गुपचूप वाढलेली असू शकते किंवा तळाचा तारा गायब झालेला असू शकतो. दोन्ही पानांचे जी चे रकाने शेजारी ठेवून वजाबाकी केली, की ते पहिल्या नजरेत सापडतं. ऑर्डर पाठवताना सोबत मूळ फोटो आणि कोटेशनची तारीख जोडा.